दुसऱ्या शनिवारचे काम आठवडाभर का चालते? क्रॉनमधील तारीख आणि वार या दोन रकान्यांचा नियम

भारतातील बँका १ सप्टेंबर २०१५ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. त्यामुळे बँकांशी व्यवहार करणाऱ्या अनेक लहानमोठ्या संस्थांनी सर्व्हरच्या देखभालीसाठी दुसरा शनिवार धरलेला असतो. अशाच एका पतसंस्थेचे उदाहरण घेऊ. तिच्या लिनक्स सर्व्हरवर `dekhbhal.sh` नावाची एक स्क्रिप्ट आहे. ती हिशेबाची सेवा बंद करते, डेटाबेसची साफसफाई करते आणि साधारण दोन तासांनी सेवा पुन्हा सुरू करते. दुसऱ्या शनिवारी सकाळी दहा वाजता ती चालावी, एवढीच अपेक्षा आहे. दुसरा शनिवार नेहमी ८ ते १४ या तारखांच्या आतच येतो. हे लक्षात घेऊन कोणीतरी नीट विचार करून क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या क्रॉन या सेवेच्या वेळापत्रकात, पुढील ओळ लिहिली:

```
0 10 8-14 * 6 /usr/local/bin/dekhbhal.sh
```

ही ओळ आपण मनातल्या मनात अशी वाचतो: मिनिट शून्य, तास दहा, तारीख आठ ते चौदा, महिना कोणताही, वार शनिवार. पाचही अटी जुळल्या की काम चालेल, असे गृहीत धरणे अगदी स्वाभाविक आहे. क्रॉन मात्र ही ओळ तशी वाचत नाही.

डिसेंबर २०२५ चे कॅलेंडर समोर ठेवा. त्या महिन्यात १ तारखेला सोमवार होता आणि शनिवार ६, १३, २० व २७ या तारखांना आले. अपेक्षेप्रमाणे काम फक्त १३ तारखेला चालायला हवे. वरील ओळीने ते ६, ८, ९, १०, ११, १२, १३, १४, २० आणि २७ अशा दहा दिवशी चालते. त्यातही पहिली फेरी ६ तारखेची असते. तो दिवस शनिवारच असल्यामुळे बघणाऱ्याला वाटते की कोणीतरी आठवडा मोजण्यात चूक केली असावी. सोमवारी, ८ तारखेला, काउंटर उघडून रांग लागलेली असताना सेवा पुन्हा बंद पडते, तेव्हा कुठे दुखणे वेगळेच असल्याचे कळते.

आधी नोंदी पाहाव्यात

ओळीत बदल करण्यापूर्वी काम नेमके कोणत्या दिवशी चालले, हे नोंदींवरून काढावे. डेबियन आणि उबंटूवर सेवेचे नाव `cron` असते, तर फेडोरा आणि रेड हॅट घराण्यात ते `crond` असते. पुढील आज्ञा डेबियनसाठी आहे:

```
journalctl -u cron --since 2025-12-01 --until 2026-01-01 | grep dekhbhal
```

प्रत्येक फेरीसाठी नोंदीत `CMD` हा शब्द असलेली एक ओळ दिसते आणि तिच्या सुरुवातीला तारीख असते. या तारखा कागदावर उतरवल्या की आकृतिबंध लगेच डोळ्यांत भरतो: सलग सात दिवसांचा एक पट्टा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सात-सात दिवसांच्या अंतराने एकटे दिवस. हा आकृतिबंध दिसला की निदान झाले असे समजावे. याउलट काम योग्य दिवशीच पण त्या दिवशी दोनदा चालले असेल, तर कारण वेगळे असते. एकच ओळ वापरकर्त्याच्या क्रॉनटॅबमध्ये आणि `/etc/cron.d` मधील एखाद्या फाइलमध्येही राहिली आहे, किंवा जुना सर्व्हर बंद करायचा विसर पडला आहे, असे काहीतरी तिथे सापडते. या लेखातील दोषामुळे दिवस वाढतात, दिवसातील फेऱ्या वाढत नाहीत.

नियम काय आहे

आज बहुतेक लिनक्स यंत्रांवर चालणारे क्रॉन पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या क्रॉनच्या वंशातले आहे. डेबियनचे `cron` आणि फेडोराचे `cronie` ही दोन्ही त्याचीच अपत्ये आहेत. या क्रॉनचा नियम असा: मिनिट, तास आणि महिना हे तीन रकाने जुळलेच पाहिजेत. तारीख आणि वार या दोन रकान्यांपैकी एक जरी तारांकनाने सुरू होत असेल, तर तेही दोन्ही जुळले पाहिजेत. मात्र दोन्ही रकान्यांत तारांकनाऐवजी नेमके काही लिहिले असेल, तर त्या दोहोंपैकी कोणताही एक जुळला तरी काम चालते.

म्हणजे आपल्या ओळीचा खरा अर्थ असा होतो: सकाळी दहा वाजता, ८ ते १४ या तारखांपैकी कोणत्याही दिवशी, किंवा कोणत्याही शनिवारी. हिशेब करून पाहा. वर्षात ८ ते १४ या पट्ट्यात बारा सप्तके म्हणजे ८४ दिवस येतात. २०२६ मध्ये शनिवार ५२ आहेत आणि त्यांतले १२ या पट्ट्यातच पडतात. म्हणून ८४ अधिक ५२ उणे १२, असे एकूण १२४ दिवस काम चालेल. आपल्याला हवे होते १२.

हा नियम लहरीपणाने केलेला नाही. त्याचा अर्थ मॅन्युअलमध्ये दिलेल्या एका उदाहरणावरून स्पष्ट होतो: `30 4 1,15 * 5` ही ओळ महिन्याच्या १ आणि १५ तारखेला, शिवाय दर शुक्रवारी, पहाटे साडेचारला काम चालवते. महिन्यातून दोनदा आणि आठवड्यातून एकदा, अशा दोन वेगळ्या गरजा एका ओळीत सांगता याव्यात, ही त्यामागची सोय आहे. ती एकदा मान्य केली की तारांकनाचा अपवादही करावाच लागतो. `0 10 * * 6` या ओळीत तारखेचे तारांकन प्रत्येक दिवसाशी जुळते. तिथेही ‘किंवा’ लावले असते, तर शनिवारचे काम रोज चालले असते. पोझिक्स मानकातही तारीख आणि वार दोन्ही दिले असता हाच अर्थ घ्यावा असे म्हटले आहे. म्हणून ही एखाद्या आवृत्तीतील त्रुटी समजून ती दुरुस्त होण्याची वाट पाहू नये.

मूळ स्रोतात हा निर्णय अवघ्या काही ओळींत होतो. त्या थोड्या सुटसुटीत करून अशा लिहिता येतील:

```
(DOM_STAR || DOW_STAR)
    ? (dom_match && dow_match)
    : (dom_match || dow_match)
```

इथे `dom` म्हणजे महिन्यातील तारीख आणि `dow` म्हणजे वार.

तारांकन म्हणजे ‘सर्व’ नव्हे, तर पहिले अक्षर

इथे थोडे थांबायला हवे, कारण या नियमाची सर्वांत फसवी बाजू इथेच आहे. रकान्यात सर्व दिवस समाविष्ट आहेत की नाही, हे व्हिक्सी क्रॉन तपासत नाही. रकान्याचे पहिले अक्षर तारांकन आहे का, एवढेच ते पाहते आणि त्यानुसार `DOM_STAR` किंवा `DOW_STAR` ही खूण लावते. याचे दोन परिणाम होतात आणि ते एकमेकांच्या उलट दिशेचे आहेत.

पहिला परिणाम असा की, ‘सर्व तारखा’ हे कोणी तारांकनाऐवजी `1-31` असे लिहिले, तर तो रकाना मर्यादित मानला जातो. `0 10 1-31 * 6` ही ओळ वाचताना शनिवारची वाटते, पण ती रोज चालते, कारण प्रत्येक दिवस १ ते ३१ मध्ये येतोच आणि ‘किंवा’ लागू झालेले असते. ग्राफिकल फॉर्ममध्ये चौकोनांवर खुणा करून ओळ तयार करणारी काही साधने ‘सर्व’ या पर्यायासाठी पूर्ण यादी लिहून टाकतात. अशा साधनातून आलेली ओळ एकदा डोळ्यांखालून घालणे इष्ट.

दुसरा परिणाम असा की, `*/2` हे तारांकनाने सुरू होते, म्हणून ते मर्यादित असूनही अमर्यादित गणले जाते. पुढील दोन ओळींत तारखांचा संच एकच आहे, म्हणजे महिन्यातील विषम तारखा. फरक फक्त लिहिण्याच्या पद्धतीचा आहे:

```
0 10 */2 * 6      dekhbhal.sh
0 10 1-31/2 * 6   dekhbhal.sh
```

पहिली ओळ विषम तारखेला येणाऱ्या शनिवारीच चालते. दुसरी ओळ प्रत्येक विषम तारखेला आणि शिवाय प्रत्येक शनिवारी चालते. ज्याला हा पहिल्या अक्षराचा नियम ठाऊक नाही, त्याने एखाद्या दिवशी ‘स्पष्ट लिहू’ म्हणून पहिल्या ओळीची दुसरी केली, तर बदल निरुपद्रवी वाटतो आणि वेळापत्रक मात्र पार बदलते.

दुरुस्ती: एक अट क्रॉनकडे, दुसरी शेलकडे

उपाय साधा आहे. दोन रकान्यांपैकी एकातच मर्यादा ठेवावी, दुसऱ्यात तारांकन लिहावे आणि उरलेली अट आज्ञेच्या सुरुवातीला शेलकडून तपासून घ्यावी:

```
0 10 8-14 * * [ "$(date +\%u)" = 6 ] && /usr/local/bin/dekhbhal.sh
```

आता क्रॉन ८ ते १४ या सातही दिवशी सकाळी दहाला शेल सुरू करेल. `date +%u` वाराचा क्रमांक देते. त्यात सोमवार १, शनिवार ६ आणि रविवार ७ असतो. क्रमांक ६ नसेल तर स्क्रिप्टला हातही लागत नाही. नोंदींत मात्र दर महिन्याला सात `CMD` ओळी दिसतीलच. काम सात वेळा चालले असा त्यांचा अर्थ नाही. ही गोष्ट क्रॉनटॅबमध्ये वरच्या ओळीत टिपणी म्हणून लिहून ठेवावी, म्हणजे पुढच्या माणसाला उगाच धावपळ करावी लागणार नाही.

या ओळीतील टक्केचिन्हामागची उलटी तिरपी रेघ शोभेसाठी नाही. क्रॉनटॅबमध्ये मोकळे टक्केचिन्ह आले की क्रॉन तिथे आज्ञा संपली असे समजते आणि त्यापुढील मजकूर आज्ञेला इनपुट म्हणून पुरवते. रेघ विसरली तर शेलच्या हाती `[ "$(date +` एवढाच तुकडा पडतो. अवतरणचिन्ह आणि कंस बंद न झाल्याची तक्रार क्रॉनच्या मेलमध्ये येते आणि काम कधीच चालत नाही. रेघ नसलेली हीच पूर्ण आज्ञा टर्मिनलवर चिकटवून पाहिली तर ती व्यवस्थित चालते, म्हणून हा दोष शोधताना बराच वेळ जातो. अट स्क्रिप्टच्या आत हलवली, तर मात्र तिथे उलटी रेघ लिहू नये.

वार तपासण्यासाठी `%a` वापरून `Sat` या नावाशी तुलना करण्याचा मोह होतो. तो टाळावा. ते नाव लोकॅलवर अवलंबून असते. `mr_IN` लोकॅल लावलेल्या टर्मिनलवर वाराचे नाव देवनागरीत येते आणि क्रॉनच्या किमान वातावरणात इंग्रजीत, त्यामुळे हाताने केलेली चाचणी एक सांगते आणि प्रत्यक्षात दुसरेच घडते. क्रमांकाला ही अडचण नाही.

उलट मांडणीही शक्य आहे: वाराच्या रकान्यात ६ ठेवायचा आणि तारीख शेलमध्ये तपासायची. त्यात महिन्याला चार-पाचच तपासण्या होतात, पण तारीख `08` आणि `09` अशी शून्यासह येते. बॅशच्या `[[ ]]` मधील संख्यांच्या तुलनेत शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान पद्धतीची मानली जाते आणि ८ हा अंक त्या पद्धतीत नसल्यामुळे त्रुटी येते. म्हणून तारखांचा पट्टा क्रॉनकडे आणि वार शेलकडे, ही वाटणी मला अधिक सुरक्षित वाटते. शेवटच्या शुक्रवारसारख्या कामात मात्र उलट वाटणीच सोयीची ठरते, कारण शेवटच्या आठवड्याचा तारखांचा पट्टा महिन्यागणिक बदलतो. तिथे वार क्रॉनकडे द्यावा आणि सात दिवसांनंतर महिना बदलतो का, ते तपासावे:

```
0 18 * * 5 [ "$(date +\%m)" != "$(date -d '+7 days' +\%m)" ] && /usr/local/bin/ahwal.sh
```

यातील `-d` हा पर्याय जीएनयूच्या `date` मध्ये आहे. बीएसडी आणि मॅकओएसवर त्याऐवजी `-v+7d` लिहावे लागते.

आणखी एक बारीक गोष्ट. अट खोटी ठरली तर `&&` असलेली ओळ १ हा निर्गम संकेत देते. कामांच्या यशापयशावर नजर ठेवणारी व्यवस्था असेल, तर तिला महिन्यातून सहा खोटी अपयशे दिसतील. तेव्हा अट उलटून लिहावी: `[ "$(date +\%u)" != 6 ] || /usr/local/bin/dekhbhal.sh`. अर्थ तोच राहतो आणि वगळलेल्या दिवशी संकेत शून्य येतो.

सर्व्हरचे घड्याळ

क्रॉनचे रकाने सर्व्हरच्या स्थानिक वेळेनुसार वाचले जातात आणि भाड्याच्या क्लाउड यंत्रांवर ती बहुधा यूटीसी असते. भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तासांनी पुढे असल्यामुळे सकाळचे दहा म्हणजे यूटीसीचे साडेचार, आणि वार तोच राहतो. पण देखभाल पहाटे दोनला करायची ठरली, तर यूटीसीमध्ये तेव्हा आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. दुसऱ्या शनिवारच्या आदला शुक्रवार ७ ते १३ या पट्ट्यात येतो, म्हणून तारीख आणि वार ही दोन्ही एकेक दिवस मागे सरकवावी लागतात:

```
30 20 7-13 * * [ "$(date +\%u)" = 5 ] && /usr/local/bin/dekhbhal.sh
```

भारतीय वेळेने साडेपाचपूर्वीच्या प्रत्येक कामाला हे लागू आहे. इथे वेळ आणि वार बदलून तारखांचा पट्टा तसाच ठेवला, तर ज्या महिन्यात दुसरा शनिवार ८ तारखेला येतो, त्या महिन्यात काम आठवडाभर उशिरा चालते.

तारांकनाची युक्ती आणि तिची मर्यादा

पहिल्या अक्षराच्या नियमाचा फायदा घेऊन शेलमधील अट टाळण्याची एक युक्ती प्रचलित आहे. पहिल्या सोमवारसाठी `0 10 */31,1-7 * 1` असे लिहितात. `*/31` मधून फक्त १ ही तारीख निघते, ती १ ते ७ मध्ये आधीच आहे, आणि रकाना तारांकनाने सुरू होत असल्यामुळे दोन्ही अटी जुळणे आवश्यक ठरते. व्हिक्सीच्या वंशातील क्रॉनवर ही ओळ बरोबर चालते. पण तीच युक्ती दुसऱ्या शनिवारसाठी `*/31,8-14` अशी उचलली की १ तारीख आगंतुकासारखी यादीत शिरते. ज्या महिन्याची १ तारीख शनिवारी येते, त्या महिन्यात काम पहिल्या शनिवारीही चालते. २०२६ मध्ये असा महिना एकच आहे, ऑगस्ट. जानेवारी ते जुलै सर्व काही सुरळीत चालून मग एकदाच चुकणारी ओळ शोधणे किती कठीण, ते सांगायला नको.

शिवाय ही युक्ती सर्वत्र चालत नाही. अल्पाइन लिनक्सवर आणि तिच्यावर आधारलेल्या कंटेनरमध्ये बहुधा बिझीबॉक्सचे `crond` असते. ते पहिले अक्षर पाहत नाही, तर रकाना उलगडल्यावर एखादा दिवस वगळला गेला आहे का, हे पाहते. तिथे `*/31,1-7` हा सरळसरळ मर्यादित रकाना ठरतो आणि ‘किंवा’ लागू होते. आपल्या यंत्रावर कोणते क्रॉन आहे याची शंका असल्यास `readlink -f "$(command -v crond)"` चालवावे. उत्तर `/bin/busybox` आले तर युक्ती विसरावी. शेलमध्ये अट तपासणारी ओळ दोन्हीकडे सारखीच चालते, आणि माझ्या मते तिला पसंती देण्याचे तेच मोठे कारण आहे.

इतर वेळापत्रके

क्रॉनसारखी दिसणारी प्रत्येक ओळ या नियमाने चालत नाही. कुबरनेटीसच्या क्रॉनजॉबमध्ये दोन्ही रकाने मर्यादित असतील तर ‘किंवा’च लागते. क्वार्ट्झ या जावाच्या ग्रंथालयात मात्र दोन्ही रकाने एकाच वेळी भरताच येत नाहीत. एकात प्रश्नचिन्ह लिहावे लागते, आणि दुसऱ्या शनिवारसाठी `7#2` अशी स्वतंत्र खूण आहे, कारण तिथे रविवार १ आणि शनिवार ७ असतो. ॲमेझॉनच्या इव्हेंटब्रिजचीही हीच पद्धत आहे. म्हणून एका व्यवस्थेतील ओळ दुसरीत नेताना वाराचा क्रमांकही तपासावा.

सिस्टमडीचे टायमर वापरण्याची मुभा असेल, तर हा प्रश्नच उरत नाही, कारण तिथे वार आणि तारीख दोन्ही जुळावी लागतात, आणि टाइम झोनही ओळीतच लिहिता येतो:

```
OnCalendar=Sat *-*-08..14 10:00:00 Asia/Kolkata
```

बदल लागू करण्यापूर्वी मोजणी

नवी ओळ लिहिल्यावर महिनाभर वाट पाहण्याची गरज नाही. वर्षातील प्रत्येक दिवसाची तारीख आणि वार छापून दोन्ही नियमांनी मोजता येते:

```
for i in $(seq 0 364); do
  date -d "2026-01-01 +$i days" '+%F %u %d'
done > divas.txt
awk '$2==6 || ($3>=8 && $3<=14)' divas.txt | wc -l
awk '$2==6 && ($3>=8 && $3<=14)' divas.txt | wc -l
```

पहिली मोजणी १२४ येते आणि दुसरी १२. दुसऱ्या आज्ञेतील `wc -l` काढून टाकले की २०२६ मधील बारा दुसरे शनिवार तारखांसह समोर येतात. ते भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहावेत. टायमरसाठी हेच काम `systemd-analyze calendar --iterations=12` करते. सर्व्हरवर बदल केल्यानंतर स्क्रिप्टऐवजी आठवडाभर `logger dekhbhal` ही निरुपद्रवी आज्ञा ठेवावी. मात्र तो आठवडा ८ ते १४ तारखांचाच निवडावा, कारण अट खरोखर सहा दिवस अडवते आणि एक दिवस सोडते की नाही, हे त्याच पट्ट्यात दिसते.